पहाटेची थंडी आणि अंगावरून उतरणारे कपडे

नागपूरची ओळख बाहेरच्या लोकांना उन्हाळ्याने होते, त्यामुळे या शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते हे सांगितले की पुण्या-मुंबईचे धावपटू थोडे अविश्वासानेच पाहतात. तशी पहाट विरळाच, पण डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीत आठ-दहा अंशांची पहाट आपल्याकडे नवलाची नाही, आणि त्याच दिवशी दुपारी पारा सत्तावीस-अठ्ठावीसवर जातो हेही नवलाचे नाही. समुद्रापासून इतक्या दूर, कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशाखाली दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने सोडून देते. हिवाळ्यातली मॅरेथॉन याच उतार-चढावाच्या मधोमध पळावी लागते. म्हणून कपड्यांचा विचार करताना मला ‘उद्या थंडी किती असेल’ हा प्रश्न अपुरा वाटतो. अंगावरचे कोणते वस्त्र किती वाजेपर्यंत राहील आणि ते कुठे उतरेल, हे ठरवल्याशिवाय ती तयारी पूर्ण होत नाही.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण समजतो की पहाटे पाचला शर्यतीच्या सुरुवातीच्या कमानीखाली उभे असताना सर्वांत जास्त थंडी असते आणि त्यानंतर दिवस उबदार होत जातो. प्रत्यक्षात निरभ्र रात्रीनंतर तापमान सूर्योदयापर्यंत, किंबहुना त्यानंतरही काही मिनिटे, उतरतच राहते. जानेवारीत नागपूरचा सूर्योदय पावणेसातच्या थोडा नंतर होतो. म्हणजे पाच वाजता पळायला लागलेला फुल मॅरेथॉनचा धावपटू पहाटेचा सर्वांत थंड क्षण सुरुवातीला भोगत नाही. तो त्याला पंधराव्या ते अठराव्या किलोमीटरच्या दरम्यान, घामाने अंग ओले असताना गाठतो. फक्त सुरुवातीच्या थंडीचा विचार करून कपडे निवडणाऱ्यांची पंचाईत इथे होते.

थंडीच्या या गणितात दुसरी बाजू शरीराची आहे. उभा असलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता निर्माण करतो. तोच माणूस पळू लागला, की साठ किलो वजनाच्या आणि ताशी नऊ-साडेनऊ किलोमीटर पळणाऱ्या देहात ती पाचशे वॉटच्या आसपास जाते, कारण खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा पायांना पुढे नेण्यात लागत नाही, तो उष्णता म्हणूनच बाहेर पडतो. उष्णतेचा हा पाचपट फरक दहा-वीस मिनिटांत घडतो. म्हणूनच पळताना हवा प्रत्यक्षापेक्षा आठ ते दहा अंशांनी उबदार आहे असे धरून कपडे घालावेत, असा धावपटूंमध्ये प्रचलित असलेला आडाखा आहे. नऊ अंशांत पळायचे असेल, तर अठरा-एकोणीस अंशांत फिरायला जाताना जे घालाल तेवढेच घालावे. आडाखा उत्तम आहे, फक्त तो पळणाऱ्यासाठी आहे, उभ्या असलेल्यासाठी नाही. ज्या कपड्यांत पाचव्या किलोमीटरवर अगदी योग्य वाटते, त्याच कपड्यांत अर्धा-पाऊण तास उभे राहिले, तर दात वाजल्याशिवाय राहत नाहीत.

हा अर्धा-पाऊण तास टाळता येत नाही. बॅग जमा करण्याची खिडकी बहुतेक स्पर्धांत सुरुवातीच्या बरीच आधी बंद होते, आणि बॅगेबरोबर आपला चांगला स्वेटर, शाल, जाड पँट हे सगळे निघून जाते. त्यानंतर स्वच्छतागृहाची रांग असते. थंडीत ती रांग आणखी लांबते, त्यालाही शारीरिक कारण आहे. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसून रक्त शरीराच्या आतल्या भागाकडे येते, मूत्रपिंडांना पाणी जास्त झाले आहे असे वाटते आणि लघवी वाढते. पुढे वॉर्मअप, मग रेटारेटीत उभे राहणे. या काळात अंग कुडकुडू लागले, तर ती केवळ गैरसोय राहत नाही. कुडकुडणे हे स्नायूंचे कामच आहे आणि ते स्नायूंत साठवलेली साखर वापरते. ज्या साठ्यावर तिसाव्या किलोमीटरनंतरची भिस्त असते, तोच कमानीखाली उभ्या उभ्या थोडा थोडा खर्च होतो. शिवाय थंड स्नायू आखडलेले असतात, आणि बोटे इतकी बधिर होतात की बुटाची सुटलेली नाडी बांधणे किंवा जेलचे पाकीट फाडणेही जमत नाही. बोटांनी अंगठ्याला एकेक करून स्पर्श करून पाहावा. करंगळी अंगठ्यापर्यंत नीट पोहोचत नसेल, तर आपण गरजेपेक्षा जास्त गारठलो आहोत हे ओळखावे.

म्हणून मी मॅरेथॉनच्या कपड्यांचे दोन वेगळे पोशाख मानते, एक उभे राहण्याचा आणि एक पळण्याचा, आणि पहिला दुसऱ्याच्या वरून चढवलेला असतो. पहिला पोशाख परत मिळणार नाही असे धरूनच निवडायचा असतो. त्यात तांत्रिक कापडाची काही गरज नाही. घामाने भिजून जड होणारे सुती कापड पळताना वाईट, पण उभे राहताना ते उत्तम ऊब देते आणि जुन्या कपड्यांत तेच सहज सापडते. मात्र ते समोरून उघडणारे असावे. डोक्यावरून काढावा लागणारा स्वेटर धावत्या गर्दीत काढताना डोळ्यांपुढे क्षणभर अंधार होतो, टोपी आणि चष्मा त्यात अडकतात आणि छातीवरचा क्रमांकाचा कागद, म्हणजे बिब, फाटतो. घरात चेनवाला जुना स्वेटशर्ट नसेल, तर हिवाळ्यात नागपुरात लागणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांच्या स्वेटर बाजारात किंवा जुन्या कपड्यांच्या ढिगात तो कमी पैशांत मिळतो.

त्यावर सर्वांत बाहेरची वस्तू म्हणजे कचऱ्याची मोठी काळी पिशवी. बुडाला मध्यभागी डोक्यापुरते आणि दोन्ही बाजूंना हातांपुरते छेद द्यायचे की झाले. दिसायला ती कशीही दिसो, वाऱ्याला ती पूर्ण अडवते, आणि उभ्या माणसाची उष्णता पळवण्यात वाऱ्याचा हात फार मोठा असतो. मात्र तिचा गुण हाच तिचा दोष आहे. जे वारा आत येऊ देत नाही ते घामाची वाफही बाहेर जाऊ देत नाही, म्हणून पिशवी अंगावर ठेवून पळायचे नाही. ती कमानीआधीच उतरली पाहिजे. दुसरी बाब पायांखालची. पहाटे मैदानावरच्या गवतावर दव असते. त्यात बूट ओले झाले, तर त्या ओलाव्याचे फोड पुढे बेचाळीस किलोमीटर सोबत येतात, आणि गवतावर बसले तर ओली जमीन अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते. बुटांवर दोन साध्या पिशव्या आणि बसायला घडी घातलेले वर्तमानपत्र, एवढी तजवीज पुरते.

आता हे सर्व एका माणसाच्या बाबतीत कसे घडले ते सांगते. आमच्या पळणाऱ्या गटात एक शाळेतल्या बाई आहेत, पन्नाशी ओलांडलेल्या, शांत आणि काटेकोर. त्यांची पहिली फुल मॅरेथॉन होती. किमान तापमानाचा अंदाज नऊ अंशांचा, वारा उत्तरेकडून हलका, आकाश निरभ्र. सुरुवात पाच वाजता कस्तुरचंद पार्कजवळून. त्यांचा वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटे, म्हणजे पोहोचण्याची वेळ साडेनऊच्या थोडी पुढे. आदल्या संध्याकाळी आम्ही कागदावर पाच, सात, आठ आणि साडेनऊ या चार वेळा लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे तापमानाचा अंदाज मांडला: दहा, नऊ, तेरा, एकोणीस. मोबाइलवरचा आकडा विमानतळाजवळच्या सोनेगावच्या वेधशाळेच्या आसपासचा असतो, आणि वस्तीबाहेरच्या मोकळ्या भागात पहाट त्याहून एखाद-दोन अंश थंड असते, हेही बाजूला नोंदवून ठेवले. मग प्रत्येक कपड्यापुढे तो उतरण्याची वेळ लिहिली.

अंगालगत त्यांनी अर्ध्या बाह्यांचा पॉलिस्टरचा टी-शर्ट घातला, जो त्यांनी सरावात लांब अंतरांसाठी वापरला होता, आणि बिब त्यावरच लावला. हे महत्त्वाचे आहे. बिब नेहमी शेवटपर्यंत अंगावर राहणाऱ्या कपड्यावर लावावा. वरच्या जाकिटावर लावला तर ते जाकीट काढताच येत नाही. हातांवर त्यांनी मुलाच्या फुटबॉलच्या जुन्या लांब मोज्यांचे पंजे कापून केलेल्या बाह्या चढवल्या. विकत मिळणाऱ्या आर्म स्लीव्ह यापेक्षा सुबक असतात, पण काम तेच करतात: मनगटापर्यंत खाली ढकलल्या की अंग मोकळे, कोपराच्या वर ओढल्या की ऊब, आणि यासाठी थांबावे लागत नाही. हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात कामगारांसाठी मिळणारे विणलेले, स्वस्त. गळ्यात बफ, म्हणजे गळ्याभोवतीची ताणणारी कापडी पट्टी, कमरेच्या पट्ट्यात उन्हासाठी घडी केलेली टोपी. या सगळ्यावर त्यांच्या यजमानांचा जुना चेनचा स्वेटशर्ट, आणि त्यावर पिशवी.

साडेचारला बॅग जमा झाली. त्यानंतरचा अर्धा तास त्या भिंतीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून, जागच्या जागी पावले टाकत उभ्या होत्या. बोटे अंगठ्याला टेकत होती. पाचला दोन मिनिटे कमी असताना पिशवी उतरली आणि बॅरिकेडला अडकवलेल्या कचऱ्याच्या डब्यात गेली. स्वेटशर्ट मात्र अंगावरच होता, कारण कमानीपर्यंतची गर्दी सरकायला वेळ लागतो आणि पहिला किलोमीटर रेटारेटीत नेहमीच संथ जातो. तो कमानीखालीच काढून टाकण्याची घाई बरेच जण करतात आणि मग पहिली दहा मिनिटे आखडलेल्या खांद्यांनी पळतात.

स्वेटशर्ट कधी काढायचा हे किलोमीटरच्या फलकावरून न ठरवता अंगावरून ठरवावे असे मी त्यांना सांगितले होते. आधी बोटे गरम होतात. तेव्हा चेन अर्धी उघडायची. मग खांद्यांच्या पात्यांमध्ये, पाठीवर, पहिला ओलावा जाणवतो. तेव्हा काढायचा, त्याच्या पुढे एक मिनिटही ठेवायचा नाही. बाईंच्या बाबतीत हे तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास झाले, आणि आम्ही तसा अंदाज धरून त्यांच्या मुलाला लॉ कॉलेज चौकाजवळ उभे केले होते. त्यांनी स्वेटशर्ट हातात दिला आणि त्या पुढे गेल्या.

त्याच गटातील एक तरुण मात्र जाकीट घालून पुढेच गेला. त्याला बरे वाटत होते, आणि बरे वाटते आहे तोवर का काढावे, हा त्याचा विचार समजण्यासारखा आहे. दहाव्या किलोमीटरपर्यंत जाकिटाचे अस्तर आणि आतला शर्ट दोन्ही चिंब झाले. मग त्याने ते कमरेला बांधले. पाऊण तासाने, उजाडताना, फुटाळा तलावाच्या उघड्या काठावर वारा लागला तेव्हा त्याच्या ओल्या शर्टातून पाणी उडू लागले आणि प्रत्येक थेंबाबरोबर ऊबही. त्याचे ओठ निळसर झाले होते, वेग उतरला होता, आणि कमरेचे ओले जाकीट पुन्हा घालून काही उपयोग नव्हता. थंडीत लवकर कपडा काढण्याचा खरा हेतू त्या क्षणी गार वाटावे हा नसतो, पुढच्या तासात अंग कोरडे असावे हा असतो.

बाई त्याच जागी सतराव्या किलोमीटरच्या सुमारास पोहोचल्या. सूर्य नुकताच वर येत होता, ऊन अजून रस्त्यावर उतरले नव्हते. तोवर मनगटावर असलेल्या बाह्या त्यांनी कोपराच्या वर ओढल्या, पट्ट्यात खोचलेले हातमोजे पुन्हा घातले, बफ नाकापर्यंत घेतला. अंग जवळजवळ कोरडेच असल्याने एवढे पुरले. पावणेआठला हातमोजे गेले, सव्वाआठला बाह्या पुन्हा मनगटावर आल्या आणि घाम पुसण्याच्या कामी लागल्या, नऊनंतर बफ पाण्यात भिजवून मानेवर आणि टोपी डोक्यावर आली. साडेनऊला ऊन चांगलेच चटके देऊ लागले होते आणि त्यांच्या अंगावर त्या वेळेला साजेलसा अर्ध्या बाह्यांचा एक टी-शर्ट होता.

कपडे टाकण्याची रीत यापेक्षा कमी महत्त्वाची नाही, कारण ती इतरांच्या पायांशी जोडलेली आहे. अंधारात, दाट गर्दीत, रस्त्यावर पडलेला स्वेटर मागच्याला दिसतच नाही. त्याच्या बाहीत पाय अडकून पडणारे धावपटू मी पाहिले आहेत. म्हणून आधी मागे वळून पाहावे, मग कडेला यावे, तिथे पळत पळत चेन उघडून एक हात, मग दुसरा हात काढावा, कपड्याची गुंडाळी करावी आणि ती रस्त्याच्या कडेपलीकडे, शक्यतो पाण्याच्या केंद्राजवळ किंवा स्वयंसेवकाच्या हाती द्यावी. अंगावरून सोडून देऊन पुढे निघून जाणे हा गुन्हा मानला पाहिजे असे मला वाटते.

न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये स्टेटन आयलंडवर धावपटू कित्येक तास थांबतात आणि तिथे टाकलेले कपडे गोळा करून गरजूंसाठी दान केले जातात. आपल्याकडे अशी व्यवस्था प्रत्येक स्पर्धेत नसते, पण कपडे घेणारे हात मात्र असतात. एका वर्षी कस्तुरचंद पार्कच्या बाजूला झाडणाऱ्या एका मावशींनी बॅरिकेडवर टाकलेला स्वेटर उचलून मला विचारले, “ताई, हा घेऊ काय? कोणाचा परत मागायचा तर नाही न?” त्यांनी तो तिथेच साडीवर चढवला, आणि चेन तुटलेली असल्याने तो समोरून बंद झाला नाही. तेव्हापासून टाकायचा कपडा धुतलेला, चेन चालणारी, बटणे जागेवर असलेली आणि खिसे रिकामे केलेला असावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. जानेवारीत मेडिकल चौकाजवळ आणि सीताबर्डीच्या पायऱ्यांवर रात्र काढणारी माणसे आपण सगळेच पाहतो. आपण वीस मिनिटांसाठी वापरणार असलेला कपडा त्यांच्या पूर्ण हिवाळ्यासाठी असू शकतो, म्हणून जे फाटलेले आहे ते घरीच ठेवावे आणि जे टिकाऊ आहे ते टाकण्यासाठी आणावे. वापरून फेकण्याच्या पातळ प्लॅस्टिकच्या जाकिटांबद्दल मला आपुलकी वाटत नाही, कारण ती पुढे कोणाच्याच उपयोगाची नसतात. कचऱ्याच्या पिशवीचे मी समर्थन करते ते ती घडी करून घरी नेता येते किंवा डब्यात लावून कामाला लागते म्हणून.

हा सगळा आराखडा निरभ्र, कोरड्या पहाटेचा आहे. आदल्या संध्याकाळी ढग आले, तर तो बदलतो. ढगांचे आवरण जमिनीची ऊब धरून ठेवते, किमान तापमान सोळा-सतराच्या घरात राहते, आणि तेव्हा स्वेटशर्ट, हातमोजे, मोज्यांच्या बाह्या हे सगळे घरी राहू शकते. फक्त पिशवी न्यावी. ढगांबरोबर पाऊस आला, तर मात्र थंडीपेक्षाही अधिक जपावे लागते. विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस, कधी गारपीटही होते. ओल्या अंगाला वारा लागला, की चौदा-पंधरा अंशही पुरेसे थंड असतात, सुती कपडा तर पाणी धरून ठेवून ओझेच होतो, आणि तिसऱ्या किलोमीटरला वरचे वस्त्र काढण्याचा नियम इथे लागू पडत नाही.

२०१८च्या बोस्टन मॅरेथॉनचे उदाहरण मला यासाठी नेहमी आठवते. चार अंशांच्या आसपासची थंडी, सतत पाऊस आणि समोरून येणारा जोरदार वारा, अशा दिवशी कित्येक नामांकित धावपटूंनी शर्यत सोडली. महिलांमध्ये डेझिरी लिंडन जिंकल्या, २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत, आणि अंतिम रेषेवरही त्यांच्या अंगावर जाकीट होते. जगातल्या अव्वल धावपटूचे अंग ताशी सोळा किलोमीटरच्या वेगाने उष्णता तयार करत असतानाही ते जाकीट उतरले नाही, कारण ओलावा आणि वारा मिळून ती उष्णता तितक्याच वेगाने नेत होते. आपल्या वेगाने, म्हणजे तयार होणारी उष्णता बरीच कमी असताना, पावसात वाऱ्याला अडवणारे पातळ जाकीट अंगावर राहिलेच पाहिजे. म्हणून अंदाजात पाऊस असेल, तर बिब जाकिटाच्या आतल्या शर्टावर लावून वरची चेन छातीपर्यंत उघडी ठेवावी, म्हणजे क्रमांक दिसतो, आणि पाऊस वाढताच ती गळ्यापर्यंत ओढता येते. चंदेरी चमकणारी पातळ चादर मात्र वेळ नोंदवणाऱ्या चिपच्या चटईवरून जाताना छातीवरून बाजूला करावी. तिच्यावरचा धातूचा थर रेडिओलहरी अडवतो आणि वेळेची नोंद चुकू शकते.

आणि पोहोचल्यावर, हवामान काहीही असो, बॅगेतला कोरडा शर्ट पाणी पिण्याच्याही आधी घालावा. पाय थांबताच पाचशे वॉटची भट्टी विझते, अंग मात्र ओलेच असते, आणि एकोणीस अंशांच्या उन्हातही तंबूच्या सावलीत गेलेला माणूस दहा मिनिटांत पुन्हा कुडकुडू लागतो. बाईंच्या मुलाने तोच स्वेटशर्ट तिथे आणला होता, आणि त्यांनी तो कोरड्या शर्टावरून पुन्हा घातला.